टॉर्टचा एक प्रश्न, चार पर्याय आणि कापलेला पाय

सांगलीत एलएलबी करताना टॉर्टच्या, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या भरपाईच्या दिवाणी कायद्याच्या, अंतर्गत परीक्षेत आमचे सर नुसत्या टिकवर मार्क देत नसत. प्रत्येक पर्याय का बरोबर, का चूक, ते लिहायचं.

प्रश्न असा होता. विश्रामबागेत ठेकेदाराने ड्रेनेजसाठी चर खणला, रात्री ना बॅरिकेड ना दिवा. मोटारसायकलवाला त्यात पडला, पायाला किरकोळ जखम झाली. पण त्याला मधुमेह. वेळेत उपचार घेऊनही गँगरीन झालं आणि मिरजेच्या दवाखान्यात पाय कापावा लागला. ठेकेदाराची जबाबदारी कुठवर?

पहिला पर्याय म्हणत होता, काहीच नाही, कारण करार नगरपालिकेशी, जखमीशी नाही. हा पटकन निकालात निघाला. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) पासून कराराशिवायही काळजीचं कर्तव्य येतं. आपल्या कृतीने कुणाला इजा होईल हे समोर दिसत असेल, तर तो माणूस आपला ‘शेजारी’. उघड्या चराजवळून जाणारा गाडीवाला याहून जवळचा कोण?

दुसरा पर्याय खरा सापळा होता: जखमेपुरती भरपाई द्यावी, पाय जाईल हे कुणाला वाटलं असतं? वॅगन माउंड खटला (१९६१) पाठ असलेला विद्यार्थी इथेच टिक करून मोकळा होतो. सिडनी बंदरात सांडलेलं फर्नेस ऑइल पाण्यावर पेट घेईल हे अपेक्षित नव्हतं, म्हणून आगीचं नुकसान दूरचं, म्हणजे भरपाईबाहेरचं, ठरलं. पण तिथे नुकसानीचा प्रकारच वेगळा होता. बंदराचा धक्का तेलाने माखणं अपेक्षित, आग नाही. इथे प्रकार एकच आहे, शारीरिक इजा. ती अपेक्षित असली की किती वाढली हा प्रश्न उरत नाही. स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन (१९६२) मध्ये वितळलेल्या धातूने कामगाराचा ओठ भाजला, आधीच्या विकारामुळे तिथे कॅन्सर होऊन तो गेला, तरी मालक पूर्ण जबाबदार. माणूस जसा असेल तसा स्वीकारावा लागतो.

म्हणून तिसरा पर्याय बरोबर: पाय जाण्याचीही भरपाई.

चौथ्याचा निष्कर्षही हाच होता, पण कारण दिलं होतं ‘थेट परिणाम असेल तर सगळंच देणं’. हा पोलेमिस खटल्यातला (१९२१) जुना नियम. फळी पडली, ठिणगी उडाली, पेट्रोलच्या वाफेने जहाज जळालं, तेव्हा तो लागू झाला. प्रिव्ही कौन्सिलने वॅगन माउंडमध्ये तो नाकारला. उत्तर जुळलं तरी कारण चूक, म्हणून पर्याय चूक. यावर वर्गात बराच वाद झाला. मला हा निकष थोडा कडक वाटला, पण सरांचं म्हणणं रास्त होतं.

तोंडी परीक्षेत सरांनी गोष्ट वाढवली. तो मिरजेला अ‍ॅडमिट असताना बंद घरी चोरी झाली तर? मी म्हटलं, हा प्रकारच वेगळा; दिवा न लावण्यातून चोरी अपेक्षित नाही, शिवाय मध्ये चोराचं स्वतंत्र कृत्य आहे. लगेच पुढचा प्रश्न आला: आणि डॉक्टरांनी सांगूनही त्याने गोळ्या घेतल्या नसत्या तर? तेव्हा जखमीने स्वतःचं नुकसान कमी केलं नाही, असा बचाव ठेकेदार घेईल आणि भरपाईतून तेवढा भाग वगळायला लावेल. मात्र गोळ्यांनी पाय वाचला असता, हे सिद्ध करण्याचा भार ठेकेदारावरच.