सबटायटल बंद, आठवडा अकरावा: गिळलेला 'ह' सापडला

गेल्या नोंदीत रडगाणं गायलं होतं की अमेरिकन मालिका लावली की गोष्ट कळते, वाक्यं कळत नाहीत. या वेळी सांगण्यासारखं काहीतरी आहे.

पद्धत तीच. एका प्रसंगाचे चाळीस सेकंद घ्यायचे, दोनदा नुसते ऐकायचे, मग एकेक वाक्य थांबवून कानाला आलं तसं वहीत उतरवायचं. एका वाक्याला जास्तीत जास्त पाच वेळा, त्यापुढे रेटलं की कान अंदाज रचायला लागतात. त्यानंतरच सबटायटल उघडायचं. व्हीएलसीत शिफ्ट आणि डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे जाता येतं, `[` ने वेग थोडा कमी होतो. एवढंच सामान.

या तुकड्यात ११२ शब्द होते, माझे ३४ चुकले. त्यातले खरोखर अनोळखी फक्त तीन! बाकीचे ही, हिम, हॅव, टू, ऑफ असले पाचवीतले शब्द. एका वाक्यावर तर मी अर्धा तास घातला. वहीत लिहिलं होतं, 'आय डोन्ट टोल्ड देम इफ इट आस्क.' व्याकरणच बसत नाही म्हणजे कुठेतरी गडबड आहे, एवढं कळत होतं. मूळ वाक्य निघालं, 'आय वुड हॅव टोल्ड हिम इफ ही हॅड आस्क्ड.' म्हणणारा मात्र म्हणतो, 'आयडा टोल्डिम इफीड आस्क्ट.' वुड हॅव आवळून 'डा' झालं. हिम आणि ही यांचा 'ह' गेला आणि उरलेला स्वर मागच्या शब्दाला चिकटला. ही, हिम, हर, हॅव यांच्यावर जोर नसेल आणि ते वाक्याच्या मध्ये असतील तर 'ह' सहसा असाच जातो. वाक्याच्या सुरुवातीला मात्र तो बहुतेक टिकतो.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, तेच वाक्य किती वेळा लावतोस? त्याला काय हवंय ते देऊन टाक!" आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. 'हवंय' म्हणजे 'हवं आहे'. 'कुठायस', 'करतोयस', 'आलोय', आपण दिवसभर 'आहे' गिळतच असतो की. परक्याला शब्दकोशात 'कुठायस' सापडणार नाही, तसाच मी 'टोल्डिम' नावाचा शब्द शोधत बसलो होतो.

वेग कमी करण्याबद्दल माझं मत बदललंय. पाऊणपट वेगावर 'टोल्डिम' लांबतं, पण त्यातला 'ह' परत येत नाही, कारण तो उच्चारलाच गेलेला नाही. म्हणून हळू वेग फक्त जोड कुठे बसलाय ते बघायला वापरतो, दोनदा. मग मूळ वेगावर त्याच्याबरोबर स्वतः म्हणतो. हे मी सकाळी वेताळ टेकडीवर करतो. वनाझहून मेट्रोत करून पाहिलं, शेजारचे काका उठून दुसरीकडे बसले.

कॅन आणि कान्टचा घोळही सुटतोय. अमेरिकन बोलण्यात शेवटचा 'ट' अनेकदा ऐकूच येत नाही, त्यामुळे त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. स्वर ऐकायचा. 'आय क्न गो' असं झटकन निसटलं तर जमेल, 'आय कॅन्‌ गो' असा ठसठशीत 'ॲ' आला तर बहुधा जमणार नाही. बहुधा, कारण 'यस, आय कॅन' मध्येही स्वर पूर्ण येतो. पण तिथे पुढे क्रियापद नसतं.

एक फजितीही. दोन दिवस एका ओळीवर स्वतःच्या कानांना शिव्या घातल्या आणि शेवटी कळलं की सबटायटलच वेगळं होतं. वाचायला वेळ मिळावा म्हणून संवाद बऱ्याचदा छोटा करून लिहितात. आता कर्णबधिरांसाठीचं इंग्रजी कॅप्शन असेल तर तेच घेतो. ते बोलण्याच्या बरंच जवळ असतं, तरी शंभर टक्के नाही. कान आणि ओळ जुळत नसतील तर ओठ बघतो, आणि तरी अडलं तर ती ओळ सोडून देतो.

तिसऱ्या दिवशी सगळं लख्ख ऐकू येतं, पण त्यावर माझा विश्वास नाही, ते पाठांतर असतं. म्हणून परीक्षा त्याच मालिकेच्या न पाहिलेल्या भागावर घेतो: तीच माणसं, नवे संवाद. रविवारी तशा चाळीस सेकंदांत १०४ पैकी १९ चुकले. मग हुरूप येऊन लंडनमधली एक मालिका लावली आणि पुन्हा जमिनीवर आलो. 'वॉटर' मधला 'ट' अमेरिकन माणूस 'ड' सारखा टेकवतो, तर हे लोक तिथे घशातच थांबतात, 'वॉ-अ'. त्यासाठी वहीचं वेगळं पान काढलंय, त्यावर अजून सहाच शब्द आहेत.