शिराडी घाटात रात्री: धुके ओसरण्याची वाट पाहू नका

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बंगळूरहून मंगळूरला मोटारीने एकटाच गेलो. कुणिगल, चन्नरायपट्टण आणि हासनपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तो सरळ आणि चांगला आहे. जे काही सांगायचे आहे ते सकलेशपूरच्या पुढच्या शिराडी घाटाबद्दल आहे, कारण तिथे रात्री कसे वागावे याबद्दल मला निघण्यापूर्वी मिळालेला प्रत्येक सल्ला चुकीचा निघाला.

सल्ले तीन होते. धुके लागले तर सकलेशपूरला थांबावे, पहाटे चारपर्यंत ते ओसरते. नाहीच थांबायचे तर एखाद्या बसच्या मागे चिकटून उतरावे. आणि गाडीला चांगले फॉग लॅम्प लावून घ्यावेत. तिसरा सल्ला मानून मी साडेचार हजार रुपये खर्च केले होते. पहिला मानून रात्री साडेअकराला सकलेशपूरच्या एका लॉजमध्ये खोली विचारली, तर फळ्यावर बाराशे रुपये लिहिलेल्या खोलीचे मला अठ्ठावीसशे सांगण्यात आले. फळ्याकडे बोट दाखवल्यावर काउंटरवरचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, की तो दर धुके नसतानाचा आहे. पैसे खिशात होते, पण त्या उत्तरानंतर तिथे झोप लागली नसती. हा राग मला घाटात घेऊन गेला, आणि रागाच्या भरात घाट उतरायला घेणे हा मूर्खपणा होता, हे आधीच कबूल करतो.

गावाबाहेर पडल्यावर काही मिनिटांतच समोरचा रस्ता नाहीसा झाला. नवे दिवे लावले तेव्हा काचेसमोर पांढरी भिंत उभी राहिली. ते बंद केल्यावर निदान डाव्या कडेची पांढरी पट्टी तरी दिसू लागली. तिच्या आधाराने जात असताना उजेडाचा एक पिवळा ठिपका दिसला. ताडपत्रीखाली कॉफीची टपरी होती आणि तिच्याजवळ, रस्त्यापासून पुरती आत घेतलेली, एक दहाचाकी ट्रक उभी होती. नंबर केए-२३ ने सुरू होणारा, म्हणजे चिकोडी-निपाणीकडची गाडी. चाकाखाली दगड लावत असलेल्या ड्रायव्हरला मी मराठीतच विचारले, "मामा, खाली रस्ता कसा आहे?"

"आधी काफी घ्या," ते म्हणाले. "रस्ता कुठं जातोय?"

त्या भागात गुळाची काळी कॉफी मिळते. तिला 'बेल्लद काफी' म्हणतात. चिकोरीचा कडवटपणा आणि गुळाचा खारटपणाकडे झुकणारा गोडवा यांची सवय व्हायला अर्धा पेला जातो. पेल्याला पंधरा रुपये पडले, आणि धुक्याचा वेगळा दर नव्हता. मामा निपाणीहून गूळ घेऊन हासनला आले होते, आणि आता परतीच्या भाड्यासाठी बटाटे भरून मंगळूरला निघाले होते. क्लीनर केबिनमध्ये झोपला होता. मी पहाटेपर्यंत इथेच थांबण्याचा विचार बोलून दाखवल्यावर त्यांनी ताडपत्रीच्या कडेकडे बोट दाखवले. पांढरा लोट दरीकडून येत होता आणि बल्बवरून सरकत वर जात होता.

"हे धुकं न्हाई, पाव्हणं. ढग हाय. धुकं बसतंय, हे चालतंय."

यावर बराच वेळ बोलणे झाले, आणि या मार्गाने जाणाऱ्याने लक्षात ठेवावे ते हेच. हिवाळ्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन थंड होते आणि तिच्यालगतच्या हवेतले बाष्प थंडीने थिजून धुके साचते. ते पहाटे सर्वांत दाट असते आणि ऊन चढल्यावर विरते. पानिपतच्या बाजूला अशा धुक्यात मामा सकाळी दहापर्यंत गाडी लावून थांबलेले होते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर प्रकार निराळा असतो. समुद्राकडची ओली हवा डोंगर चढताना थंड होते आणि तिचा ढग बनतो; वारा चालू आहे तोवर नवा ढग येतच राहतो. त्याला पहाटेशी देणेघेणे नसते. मात्र त्याला तळ असतो, आणि पुरेसे खाली उतरले की माणूस ढगाच्या बाहेर येतो. ओळखायची खूण सोपी आहे: दिव्याच्या उजेडात पांढरेपणा सरकताना दिसला आणि काचेवर बारीक थेंब धरत असले, तर तो ढग समजावा.

मग त्यांनी मला बल्बकडे पाठ करून रस्त्याच्या कडेने चालायला लावले आणि बल्ब दिसेनासा होईपर्यंत पावले मोजायला सांगितली. अठ्ठावीस भरली, म्हणजे सुमारे वीस मीटर. हिशेब मी नंतर मांडला. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या दीड सेकंदात सोळा-सतरा मीटर संपतात, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पंधरा लागतात. एकूण तीस मीटरच्या वर, आणि दिसते फक्त वीस. ताशी पंचवीसला हाच आकडा सोळा-सतरावर येतो. मामांना हे आकडे नको होते, ते एवढेच म्हणाले, "दिसतंय तेवढ्यात थांबली पायजे, आन् ज्या गियरात चढवाल त्याच गियरात उतरवा." बसच्या मागे चिकटण्याबद्दल त्यांचे मत छापण्याजोगे नाही. बसचा लाल दिवा दिसत राहावा म्हणून आपण तिचाच वेग धरतो, आणि ती कशावर आदळली तर आपणही आदळतो.

माझे फॉग लॅम्प त्यांनी वाकून पाहिले आणि हसले. दोन्ही समोर सरळ रोखलेले होते. केबिनमधून पाना आणून त्यांनी नट सैल केले आणि दिवे इतके खाली झुकवले, की उजेड गाडीपुढच्या रस्त्यावरच पडू लागला. लावणाऱ्याने साडेचार हजार घेऊन हे दोन मिनिटांचे काम केले नव्हते, याचा राग मला अजून आहे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवू नयेत, हेही त्यांनी बजावले. मागच्याला ती उभी आहे की वळते आहे ते कळत नाही.

निघताना ते म्हणाले, "रस्त्यावर फांदी दिसली तर झाड पडलंय समजू नका. फुडं गाडी मेलेली असती."

लो बीम, दुसरा गियर, रेडिओ बंद आणि खिडकी चार बोटे उघडी, अशा बेताने मी उतरलो. तासाभराने डाव्या पट्टीवर ओल्या पानांची फांदी आडवी दिसली आणि मी जागीच थांबलो. सहा-सात मीटरवर दुसरी फांदी, आणि तिच्यापुढे मागचे दिवे नसलेला एक ट्रक. त्याच्या चाकापुढे दोन मोठे दगड होते. असे दगड गाडी दुरुस्त झाल्यावर पुष्कळदा रस्त्यावरच राहतात, तेव्हा फांद्या दिसल्या नाहीत तरी दगडांसाठी नजर खाली ठेवावी. समोरून काही येत नाही याची कानाने खात्री करून मी ट्रकला वळसा घातला. मारनहळ्ळीच्या पुढे ढग एकाएकी संपला आणि साधा पाऊस लागला. घाटाखालच्या गुंड्या गावापर्यंत मग काहीच त्रास झाला नाही.

जोराचा पाऊस सलग झाला असेल तर दरडींमुळे हा घाट रात्री बंद ठेवतात, तेव्हा हासनलाच चौकशी करावी. मंगळूरचे दोन दिवस बरे गेले. परतताना सकाळी दहाला त्याच जागी पोहोचलो, तेव्हा टपरीचा बल्ब पेटलेलाच होता. उतरून पावले मोजली. तिसावर तो दिसेनासा झाला.