परत मेसेज करू का, मॅडम?

"मॅडम, तिचा रिप्लाय आला नाही. परत मेसेज करायचाय, पण मागे लागल्यासारखं वाटायला नको. कसा लिहू?"

मी मराठी शिकवते, म्हणून असे मसुदे माझ्याकडे येतात. कॉलेज सोडून गेलेली मुलंही पाठवतात. गेल्या गणपतीच्या चवथीत आलेला एक मसुदा त्या मुलाला विचारून इथे मांडते.

तो फोंड्याजवळचा, ती सत्तरी तालुक्यातली. ओळख नाटकाच्या तालमीत झाली. घरात दोघंही कोंकणी बोलतात, पण नाटकाचा ग्रुप मराठीत चालतो, म्हणून मेसेजही मराठीत. त्याने चवथीच्या आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, "सुट्टीनंतर एकदा कॉफीला भेटूया?" दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याने हा मसुदा लिहिला:

"हाय, मेसेज बघितलास ना? काही चुकलं का माझं? यायचं नसेल तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही. निदान हो की नाही एवढं तरी कळव."

एकही शब्द उद्धट नाही. तरी वाचताना छातीवर दडपण येतं, कारण आपल्या भाषेत दडपण मोठ्या शब्दांत नसतं, ते 'ना', 'तरी', 'निदान' यांत लपतं. 'बघितलास ना?' म्हणजे तू बघितलंस हे मला दिसलंय. 'काही चुकलं का?' याला ती काय उत्तर देणार? 'नाही रे, तसं काही नाही' म्हणत त्याची समजूत काढणं आता तिच्या गळ्यात पडलं. 'वाईट वाटणार नाही' हे वाक्य तर वाईट वाटलेला माणूसच लिहितो. आणि 'निदान' आलं की आधीचं सगळं तक्रार होऊन जातं. मलाही तरुणपणी असं पत्र आलं होतं. त्यातला 'निदान' वाचून मी उत्तर लिहायला बसले आणि कागद मिटून ठेवला, कारण त्यानंतर काहीही लिहिलं तरी ती माफीच झाली असती.

मी त्याला म्हटलं, आधी पाच दिवस जाऊ दे. चवथीच्या घरात माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पाहुण्यांची ये-जा. त्यात मेसेज बघायला वेळ मिळतो, विचार करून उत्तर द्यायला नाही. आणि दुसरा मेसेज पहिल्याची आठवण करून देणारा नको. न आलेल्या उत्तराचा उल्लेखच नको. तिच्याशिवायही उभी राहील अशी नवी गोष्ट लिही.

त्याला शनिवारी कला मंदिरात नाटकाला जायचंच होतं. पुढचा मसुदा आला: "शनिवारी नाटकाला येशील ना? तुझं तिकीट काढून ठेवलंय." तिकीट खरंच काढलेलं होतं. पण न मागितलेलं तिकीट म्हणजे उधारी. ते वाक्य वगळायला लावलं, 'येशील ना'ही. उरलं ते असं:

"शनिवारी सात वाजता फोंड्यात कला मंदिरात नाटक आहे, मी जाणार आहे. तुला यावंसं वाटलं तर सांग."

शेवटी त्याला 'नाही आलीस तरी चालेल' जोडायचं होतं. ते मी खोडलं. ते वाक्य मोकळीक देतंय असं वाटतं, पण तिच्या नकाराची चर्चा आधीच सुरू करतं. 'यावंसं वाटलं तर' यात मोकळीक आलीच आहे. उत्तर आलं नाही तरी हा मेसेज अर्धवट राहत नाही. ती एक बातमी आहे, पोचली.

आधीचा मेसेज पुसू का, असंही त्याने विचारलं. नको. व्हॉट्सॲपवर पुसल्याची खूण राहते, आणि काय पुसलं याचं कोडं तिला पडतं.

हे एकदाच. दुसऱ्यालाही उत्तर नाही, तर तिसरा नाही. मैत्रिणीकडून विचारणं, तिच्या प्रत्येक स्टोरीवर हार्ट टाकणं, हेही तिसऱ्यातच मोजायचं. तिने आधी स्पष्ट नकार दिला असेल, तर दुसराही नाही. तिथे शब्द बदलून काही बदलत नाही. आणि ती तुमच्या हाताखाली काम करत असेल तर मी मसुदा बघतच नाही.

शनिवारपर्यंत तिचं उत्तर आलं नाही. तो नाटक बघून आला. बुधवारी तालमीत तीच त्याच्याजवळ येऊन म्हणाली, "कसं झालं रे नाटक?" कॉफीचा विषय तिने काढला नाही, त्यानेही नाही. दुसऱ्या अंकातला प्रकाश कसा होता हे तो सांगत राहिला, आणि ती ऐकत उभी होती.