सवडीने घेऊन या

चंद्रपूर जिल्ह्यातील धानपट्ट्यात एका ग्रामीण रुग्णालयात मी दंतशल्यचिकित्सक म्हणून काम करते. आसपासच्या गावांतील आशाताई तोंडातल्या जखमांचे फोटो माझ्या फोनवर पाठवतात आणि बाह्यरुग्ण विभाग सुरू होण्याआधी मी ते पाहून घेते. १४ ऑगस्टच्या सकाळी एकाच आशाताईंकडून असे दोन फोटो आले होते.

पहिला फोटो एकोणीस वर्षांच्या मुलीचा होता. तिने खालचा ओठ बोटांनी उलटा करून अगदी जवळून फोटो काढला होता, त्यामुळे मसुराच्या दाण्याएवढी जखम पडदाभर पसरल्यासारखी दिसत होती. मधोमध पिवळसर पांढरा तळ, भोवती लालभडक कडे, आणि खाली मजकूर : ‘मॅडम, कॅन्सर तर नाही ना?’ दुसरा फोटो पन्नाशीच्या एका मजूर बाईचा होता. तो धूसर होता, फ्लॅशमुळे अर्धा पांढरा पडलेला होता, आणि डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेजवळ, काहीतरी करडे-लालसर एवढेच त्यात कळत होते. त्याच्याखाली लिहिले होते : ‘तोंड आले आहे, गोळ्या पाठवा.’

भीतीदायक फोटो कोणता, असे कोणालाही विचारले असते तर त्याने पहिल्याकडे बोट दाखवले असते. मला मात्र पहिल्या फोटोने फारसे थांबवले नाही. लहान, गोल, स्पष्ट कडेची, लाल वलय असलेली आणि ओठाच्या आतल्या मऊ त्वचेवर आलेली अशी दुखरी जखम म्हणजे नेहमीचे तोंड येणे. ती साधारण सात ते चौदा दिवसांत आपोआप भरते आणि मागे व्रणही राहत नाही. तरीही मी तिला फोन केला, कारण एक गोष्ट विचारल्याशिवाय फोटोवर भरवसा ठेवता येत नाही. किती दिवसांपासून, असे विचारल्यावर ती म्हणाली, “दोन वर्षं झाली, मॅडम.” या उत्तराने नवखा माणूस घाबरेल. मग मी विचारले, “हीच जखम दोन वर्षांपासून आहे, की ही जाते आणि दुसरीकडे नवीन येते?” ती म्हणाली, “आठ-दहा दिवसांत जाते, मग महिन्याभरानं दुसऱ्या जागी येते. ही परवा आली.” म्हणजे तक्रार दोन वर्षांची होती आणि जखम दोन दिवसांची. तिला ताप किंवा अंगावर इतरत्र फोड नव्हते. वारंवार तोंड येण्यामागे कधी लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ ची कमतरता असते, म्हणून तिला रक्ततपासणीसाठी यायला सांगितले, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि ही जखम दोन आठवड्यांत न गेल्यास त्याच दिवशी कळवायला सांगितले.

दुसऱ्या फोटोबद्दल मी आशाताईंना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “थोड्या दिवसांचंच आहे म्हणते ती.” आमच्याकडे ‘थोडे दिवस’ हे माप आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत कुठेही बसते. म्हणून मी संभाषणाच्या चौकटीत वर वर सरकत गेले. या बाईंचे नाव आधी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते. ९ जुलैला याच आशाताईंनी याच बाईंचा फोटो पाठवलेला होता. तोच गाल, तीच दाढ, जवळपास तीच जागा. आणि त्याच्याखाली माझे उत्तर होते : ‘दाताची कड लागत असेल. सवडीने घेऊन या.’

जुलैत धानाची रोवणी असते. रोवणीच्या दिवसांत मजुरी सोडून, दोन बस बदलून दवाखान्यात येण्याइतकी सवड कोणाला असणार, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवे होते. माझा अंदाज अगदीच निराधार नव्हता. झिजलेल्या किंवा तुटलेल्या दाढेची धारदार कड गालाला घासून जखम होतेच आणि ती कड गुळगुळीत केली की साधारण दोन आठवड्यांत जखम भरते. पण हा अंदाज खरा की खोटा हे ठरवणारी गोष्ट म्हणजे दोन आठवड्यांनी पुन्हा पाहणे, आणि तो दिवस मी ठरवूनच दिला नव्हता. आशाताईंना मी लिहिले, “आज मिळेल त्या गाडीने घेऊन या. मूळ फोटो ज्या फोनवर आहे तो फोनही आणा.”

दुपारी बारा वाजता त्या आल्या. सोबत मुलगा होता. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोबरोबर तो कधी काढला याची नोंद येत नाही, मूळ फोनच्या गॅलरीत मात्र ‘तपशील’ उघडला की दिवस आणि वेळ दिसते. मुलाच्या फोनमधल्या फोटोवर ४ जुलै होती. म्हणजे फोटोपुरते बोलायचे तरी जखम एक्केचाळीस दिवसांची होती. त्याही मागे जाण्यासाठी मी बाईंना रोवणीआधी धानाची रोपे टाकण्याच्या कामावरून विचारले. “मावशी, पऱ्हे टाकले तेव्हा होतं का हे?” त्या थोडा वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, “तेव्हा गालाले खरखर लागे जी. फोड नव्हता.” मध्ये कधी पूर्ण बरे झाले होते का, यावर त्यांचे उत्तर स्पष्ट होते, “नाही जी. औषध लावलं का बरं वाटे, पण गेलं नाही.”

या दीड महिन्यात त्यांनी औषध दुकानातून दोन वेळा जेल आणि एकदा बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल घेतल्या होत्या. अशा जेलमध्ये बधिर करणारे औषध असते, त्यामुळे झोंबणे थांबते आणि जखम सुधारल्यासारखी वाटते. शिवाय प्रत्येक नव्या औषधाबरोबर घरातली माणसे दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतात. ‘या औषधाला पाचच दिवस झाले’ हे खरेच असते, आणि जखमेला सहा आठवडे झालेले असतात.

“दुखतं का?” “नाही जी मॅडम, तिखट लागलं तर झोंबते, बस.” मुलाला या उत्तराने धीर आला, माझा उलट गेला. ओठाच्या आतल्या साध्या जखमेने त्या मुलीला चार दिवस नीट जेवू दिले नसते, आणि इथे त्याहून कितीतरी मोठी जखम जेमतेम झोंबत होती. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही आणि म्हणूनच घरी बसून राहतो.

खर्रा किती, असे विचारल्यावर त्यांनी आधी मुलाकडे पाहिले. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा दिवसाला दोन पुड्या, पंधरा-सोळा वर्षांपासून, आणि ठेवायची जागा डावा गाल. तोंड उघडायला सांगितले तेव्हा वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर पट्टीने २८ मिलिमीटर भरले. एरवी मोठ्या माणसाचे तोंड ३५ मिलिमीटरहून अधिक उघडते. गालाची आतली बाजू फिकट पडली होती आणि बोट फिरवल्यावर ताणलेल्या दोरीसारखे पट्टे लागत होते. हा सुपारीमुळे होणारा वेगळा आजार, आणि त्याच्या जमिनीवर कर्करोग उगवण्याचा धोका वाढलेला असतो.

आता जखम. आरसा लावून, लाळ कापसाने टिपून, प्रकाश बाजूने टाकला तेव्हा फोटोत न दिसलेले दिसले. लांबी साधारण २२ मिलिमीटर, आकार वेडावाकडा, कडा वर उचललेल्या आणि बाहेर वळलेल्या, तळ खडबडीत. साध्या तोंड येण्यात दिसते तसे लाल वलय नव्हते. मग हातमोजे घालून एक बोट गालाच्या आत आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून ठेवून मी जखम हलकेच चिमटीत धरली. साधी जखम अशी धरली तर तिच्याखालचा गाल मऊच लागतो. इथे जखमेच्या कडेपलीकडेही कडक गाठ लागत होती, जणू गालाच्या जाडीत सुपारीचे खांड बसवले आहे. ही कडकपणाची खूण कोणत्याही फोटोत येत नाही. जबड्याच्या खाली डाव्या बाजूला एक टणक गाठही हाताला लागली. ती हलत होती.

आणि हो, दाढेची कड खरोखरच धारदार होती. माझा जुलैतला अंदाज डोळ्यांसमोर बसलेला होता आणि क्षणभर मोहही झाला की कड घासावी, दोन आठवडे थांबावे. जखम नवी असती, कडा मऊ असत्या तर तेच योग्य ठरले असते. पण न भरणारी जखम पुढे तपासायला पाठवण्याची तीन आठवड्यांची मर्यादा जवळपास दुपटीने ओलांडलेली, कडा कडक, मानेत गाठ, अशा वेळी दाढेचे कारण सापडले म्हणून थांबणे म्हणजे आणखी पंधरा दिवस हातचे घालवणे. कड मी घासली, पण ती केवळ त्रास कमी व्हावा म्हणून.

तुकडा मी काढला नाही. तपासणीसाठी तुकडा जखमेच्या कडेवरून, थोडा निरोगी भाग सोबत घेऊन काढायचा असतो. मधल्या मृत भागातून काढला तर अहवालात नुसती सूज येते आणि सगळे चुकीचे निश्चिंत होतात. जखम पूर्ण कापून काढणे तर त्याहून वाईट, कारण पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याला मूळ सीमाच दिसत नाहीत. म्हणून मोजमापे, तोंड किती उघडते ते, गाठीची जागा आणि ४ जुलैच्या मूळ फोटोची तारीख चिठ्ठीत लिहून मी त्यांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवले. तिथल्या विभागाशी आधीच फोनवर बोलले, आणि चिठ्ठीवर दुसऱ्या दिवशीची सुट्टी सोडून १६ तारीख घातली.

मुलगा दारात थांबून म्हणाला, “मॅडम, कॅन्सर आहे का?” मी म्हणाले, “मला शंका आहे. खात्री तुकडा तपासल्यावरच होईल, पण शंका इतकी आहे की एक दिवसही घालवायचा नाही.” मावशी तेव्हा आशाताईंना विचारत होत्या की उरलेल्या बांधीतली निंदणी कोण करील.

अहवालात स्क्वेमस पेशींचा कर्करोग निघाला. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. नंतर किरणोपचारही लागले. दिवाळीनंतर त्या फेरतपासणीला आल्या तेव्हा पातळ भात आणि वरण खात होत्या, बोलणे थोडे जाड झाले होते, आणि खर्रा सुटला होता. जुलैत मी बोलावले असते तर शस्त्रक्रिया किती लहान झाली असती, हे मी सांगू शकत नाही, पण ९ जुलैचा तो संदेश मी पुसलेला नाही.

त्या मुलीने नवव्या दिवशी न सांगता ओठाचा फोटो पाठवला. जखम कुठे होती तेही ओळखू येत नव्हते. तिचे हिमोग्लोबिन मात्र ९.८ निघाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

आता आशाताई फोटो पाठवताना शेजारी पट्टी किंवा आइस्क्रीमची काडी धरतात, फ्लॅश बंद ठेवून दाराच्या उजेडात दोन फोटो काढतात आणि खाली तीन गोष्टी लिहितात : कोणत्या दिवसापासून, त्याच जागी का, आणि हातमोजा घालून दाबल्यावर मऊ की कडक. मीही ‘सवडीने’ लिहीत नाही, तारीख लिहिते. गेल्या आठवड्यात एक संदेश आला : ‘जिभेची कड, उजवी बाजू, दिवस २४, दुखत नाही, कडक वाटते.’ मी उत्तर दिले, ‘उद्या सकाळी नऊ वाजता.’