हरतालिकेच्या दुपारी आलेला रजेचा अर्ज

गोव्यात चवथीच्या दिवसांत अग्निशमन केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला एकच रजा हवी असते. गणपती मूळ घरी बसतो, आणि पोरगा कुठेही नोकरीला असला तरी चवथ आणि दुसऱ्या दिवशीची नव्याची पंचमी त्याने घरी काढावी अशी घरच्यांची अपेक्षा असते. केंद्र मात्र बंद ठेवता येत नाही. त्यामुळे चवथीच्या रजेचा तक्ता आम्ही महिनाभर आधीच करायला घेतो. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो त्यांना पहिले दोन दिवस, पाच किंवा नऊ दिवसांचा असेल त्यांना विसर्जनाचा दिवस, आणि ज्यांच्या घरी सुतक आहे ते आपणहून ड्युटी मागून घेतात. ख्रिस्ती सहकारी चवथ सांभाळतात आणि नाताळात आम्ही त्यांच्या जागी उभे राहतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण केंद्र त्यावरच चालतं.

मी तेव्हा डिचोली तालुक्याच्या बाजूला सब ऑफिसर होतो. शिफ्टचा तक्ता माझ्याकडे असायचा, अर्जावरची शिफारसही मीच लिहायचो. त्या हरतालिकेला तक्ता व्यवस्थित बसला होता. दोन गाड्या होत्या, त्यातल्या एका गाडीचा ड्रायव्हर-ऑपरेटर आधीच मंजूर झालेल्या अर्जित रजेवर गेला होता. ती गाडी दोन दिवस उभी राहील हे कंट्रोल रूमला लेखी कळवलं होतं, म्हणजे मोठा कॉल आला तर दुसरी गाडी शेजारच्या केंद्राची येणार होती. उरलेल्या वॉटर टेंडरवर मये गावचा ड्रायव्हर होता. त्याच्या घरी पाच दिवसांचा गणपती, म्हणून त्याने विसर्जनाची रजा घेतली होती.

दुपारी अडीचच्या सुमारास तो ऑफिसात आला, फोन हातातच होता. वडिलांच्या छातीत दुखू लागल्यामुळे त्यांना डिचोलीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हलवलं होतं. घरी आई आणि लहान बहीण, दोघीच.

"सर, मला सुटायला हवं. जमेल ना?"

तो जमेल का असं विचारत होता याचं मला फार वाईट वाटलं. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 मधला सातवा नियम सांगतो की रजा हक्क म्हणून मागता येत नाही, लोकसेवेची निकड असेल तर ती नाकारता येते, दिलेली परतही घेता येते. त्याच नियमात दुसरी एक बाजू आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. अधिकारी रजा नाकारू शकतो, पण माणसाने मागितलेल्या रजेचा प्रकार त्याच्या लेखी विनंतीशिवाय बदलू शकत नाही. अर्जित रजा मागणाऱ्याला 'अर्धपगारी घे' असं सांगता येत नाही.

फळ्यावरचा आकडा पाहिला तर त्या दिवशी माणसं पुरेशी होती. एक लीडिंग फायर फायटर, पाच फायर फायटर, एक वॉच रूमवाला आणि मी. तेवढ्यावरून कुणीही म्हणालं असतं, एक गेला तर काय बिघडतं? पण गाडी चालवून पंप चालवणारा तोच एकटा होता. पाच फायर फायटरांतला एक गेला असता तर चौघे होज आणि तिच्या तोंडाची ब्रांच सांभाळून घेतात. ड्रायव्हर गेला की उरलेल्या आठांचा उपयोग संपतो. संख्याबळ म्हणजे किती डोकी हजर आहेत हे नव्हे. कुठली जागा रिकामी पडते आणि ती भरू शकणारा दुसरा कोण, हे पाहावं लागतं. रजा मंजूर करणाऱ्या पुष्कळांचं इथेच चुकतं आणि अर्ज करणाऱ्याला कधी कधी उगाचच 'नाही' ऐकावं लागतं.

फायर फायटर मुलांपैकी एकाकडे अवजड वाहनाचा परवाना होता आणि त्याने लगेच विचारलंही, "सर, मी नेतो की गाडी." मी नको म्हटलं. गाडी रस्त्यावरून नेणं हे अर्धंच काम. जागेवर पोचल्यावर पीटीओ टाकून इंजिनाची ताकद पंपाकडे वळवायची आणि दाब हळूहळू चढवायचा. दाब एकदम चढला तर ब्रांच धरणारी माणसं मागे फेकली जातात. आमच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी. दोन ब्रांच चालल्या की ते दहा-बारा मिनिटांत संपतं. मग विहिरीत किंवा नदीत सक्शन होज टाकून प्रायमरने आधी हवा काढावी लागते, तेव्हा पाणी वर चढतं. पाण्याची पातळी सात मीटरपेक्षा खाली असेल तर ते चढतच नाही. सक्शनच्या एखाद्या सांध्यात वॉशर सैल असेल तरी चढत नाही. हे हाताला सवयीनेच कळतं, परवान्याने नाही.

म्हणजे माझ्यापुढे तीन वाटा होत्या. रजेवरच्या ड्रायव्हरला परत बोलावणं हा पहिला पर्याय. नियमात बसतो, पण तो त्या क्षणी पेडण्याच्या पलीकडे माटोळी बांधत होता आणि दुसरा उपाय असताना मंजूर रजा मोडणं मला पटत नाही. दुसरा पर्याय, आमची उरलेली गाडीही सेवेबाहेर काढून शेजारच्या केंद्रावर अवलंबून राहणं. त्यांची गाडी आमच्या हद्दीत पोचायला किमान अर्धा तास, आणि चवथीच्या आदल्या दिवशीची गर्दी वेगळीच. तिसरा पर्याय म्हणजे शिफ्ट संपवून घरी गेलेला दिवाडीचा ड्रायव्हर. त्याची विश्रांती मोडत होती, म्हणून मी हुकूम न सोडता विचारलं. त्याने वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "त्याला सोडा सर, मी नार्व्याच्या फेरीने येतो." कंट्रोल रूमला कळवून मी त्याची बदली ड्युटी मंजूर करून घेतली.

तोवर मयेच्या ड्रायव्हरला अर्ज लिहायला बसवलं. त्याने घाईत नैमित्तिक रजा लिहिली होती. मी ती खोडायला सांगितली. नैमित्तिक रजा अर्जित रजेला जोडता येत नाही. उद्याची नैमित्तिक घेतली आणि परवा वडिलांचा मुक्काम वाढला तर पुढची अर्जित रजा तिला लागून घेता येणार नाही, आणि मधल्या दिवसांचं काय, असा घोळ होतो. परिवर्तित रजाही चालणार नव्हती, ती स्वतःच्या आजारपणासाठी, वैद्यकीय दाखल्यावर मिळते. त्याच्या खात्यात अर्जित रजा भरपूर होती. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस जमा होतात, आणि त्याने त्या फारशा वापरल्या नव्हत्या. कारण स्पष्ट लिहायला लावलं, रजेतला पत्ता आणि फोन लिहायला लावला, मुख्यालय सोडण्याची परवानगीही त्याच कागदावर मागायला सांगितली. खाली मी शिफारस लिहिली: 'बदली ड्रायव्हर-ऑपरेटर हजर होताच कार्यमुक्त करावे.' रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 'शिफारस आहे' एवढं वाचून काहीच कळत नाही. जागा कोण भरणार हे त्याच ओळीत दिसलं तर सही लवकर होते. इथे तर मंजुरी फोनवरच मिळाली.

सव्वाचारला घंटा वाजली. नार्व्याच्या बाजूला एका घरात नेवऱ्या तळताना सिलिंडरच्या रेग्युलेटरपाशी पेट घेतला होता, स्वयंपाकघराचं लाकडी छप्पर धरत होतं. दिवाडीचा अजून फेरीची वाट पाहत होता.

मी मयेच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. कागदावर तो अजून ड्युटीवर होता, पण ज्याचे वडील इस्पितळात आहेत त्याला सायरन लावून गर्दीतून गाडी ने म्हणणं सोपं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "चालवशील का? मनात जरा जरी किंतु असेल तर सांग, मी शेजारच्या केंद्राला कळवतो." तो सीटवर चढूनच म्हणाला, "चालवतो." मी पुढे त्याच्या शेजारी बसलो, वॉच रूमवाल्याला शेजारचं केंद्र सावध करायला सांगितलं, आणि वाटेतून दिवाडीच्या ड्रायव्हरला फोन केला की केंद्रात नको, थेट आगीच्या जागी ये.

गाडी त्याने नेहमीपेक्षा सावकाश नेली, आणि ते मला बरं वाटलं. पोचल्यावर मुलांनी सिलिंडरवर लांबून फवारा धरून तो थंड ठेवला आणि झडप बंद केली. छपराला दुसरी ब्रांच लावली. टाकी निम्म्याच्या खाली आली तेव्हा दिवाडीचा ड्रायव्हर स्कूटरवरून पोचला. शर्ट घरचाच होता, गणवेशाची पॅन्ट मात्र चढवली होती. पंप चालू असतानाच दोघांनी ताबा बदलला. मयेचा ड्रायव्हर दाबाच्या काट्याकडे बोट दाखवत म्हणाला, "चार बार. दुसरी ब्रांच बंद करताना थ्रॉटल आधी उतर. टाकीत अठराशे असेल. डिझेल पाऊण." दिवाडीच्याने थ्रॉटलवर हात ठेवला, काटा हलला नाही हे पाहिलं, आणि मगच पहिल्याने आपला हात काढला. मी घड्याळ पाहून लॉगबुकात वेळ लिहिली, पाच वाजून वीस मिनिटं, दोघांच्या सह्या घेतल्या. या नोंदीशिवाय पुढे कुणाची गाडी आणि कुणाची जबाबदारी याचा पत्ता लागत नाही, आणि रजेवर गेलेल्या माणसाच्या नावावर अपघात चढू शकतो.

दिवाडीच्याने स्कूटरची चावी त्याच्या हातात दिली. "नार्व्याहून फेरीत चढ, दिवाडी पार कर, जुन्या गोव्याला उतर. दुचाकीला रांग नसते." बांबोळीला तो सातच्या आत पोचला. त्याची स्वतःची मोटरसायकल केंद्रात पडून होती, ती रात्री एका मुलाने मयेला नेऊन ठेवली.

त्या दिवसाची त्याची ड्युटीच धरली, अर्जित रजा दुसऱ्या दिवसापासून. वडिलांच्या हृदयात स्टेंट घालावा लागला आणि मुक्काम वाढला, तेव्हा त्याने रजा संपायच्या आदल्या दिवशी फोन केला आणि मुदतवाढीचा अर्ज बहिणीच्या हाती पाठवला. रजा संपल्यावर आलेला अर्ज आणि आधी आलेला अर्ज यांत फार अंतर आहे. पहिल्यात मधले दिवस बिनरजेची गैरहजेरी म्हणून लागू शकतात.

त्या आठवड्यात मी आणखी एक अर्ज परत काढला. शिफ्टमधल्या सर्वांत धाकट्या फायर फायटरने पंचमीची रजा मागितली होती, आणि आकडा कमी होतो म्हणून ती बाजूला राहिली होती. जागावार पाहिल्यावर पाचवा फायर फायटर नसला तरी टेंडर पूर्ण चालत होता. त्याची शिफारस मी त्याच रात्री लिहिली, तो पंचमीला नवं घेऊन घरी होता. तेव्हापासून माझ्या तक्त्यात ड्रायव्हर-ऑपरेटरांचा वेगळा रकाना असतो आणि प्रत्येक सणाला एक राखीव नाव आधी ठरलेलं असतं, ते ज्याचं आहे त्याला विचारून. दिवाडीच्या ड्रायव्हरने चवथ आणि पंचमी आमच्याबरोबर काढली. डिसेंबरचा तक्ता त्या वेळी कुणी सुरूही केला नव्हता, पण नाताळच्या पानावर त्याची रजा मी सप्टेंबरातच लिहून ठेवली आणि त्या दिवसांचा बदली ड्रायव्हर म्हणून मयेच्याने स्वतः सही केली.