बारा तारखेचं पत्र

संपादनासाठी आलेलं हस्तलिखित पत्रं-डायरीतून सांगितलेल्या कादंबरीचं असलं, की मी वाचायला बसण्याआधी एक तक्ता आखते. पत्र कधी लिहिलं, कधी पोचलं, आणि लिहिणाऱ्याला त्या दिवशी नेमकं काय ठाऊक होतं, असे तीन रकाने. सरळ निवेदनाच्या कादंबरीत एखादी तारीख इकडची तिकडे झाली तर फारसं बिघडत नाही. पत्रांच्या कादंबरीत मात्र अजून हातात न पडलेल्या पत्राला कुणी उत्तर दिलं, की वाचक लेखकावरचा विश्वास काढून घेतो आणि मग तो परत मिळवणं जड जातं.

त्या दिवशी माझ्यासमोर दोन बहिणींची कादंबरी होती. थोरली लांब राहणारी, धाकटी आजारी वडिलांपाशी. दोघींची मिळून ४१ पत्रं आणि मध्ये मध्ये धाकटीच्या डायरीच्या २३ नोंदी. नेहमीचे दोष जवळजवळ नव्हतेच. "आपले बाबा, जे निवृत्त शिक्षक आहेत" असं बहीण बहिणीला लिहीत नव्हती. रात्री थकून लिहिलेल्या पत्रात दोन पानांचे संवाद शब्दशः उतरत नव्हते. (ही खोड जुनीच आहे. रिचर्डसनची 'पामेला' ही पत्रांतून सांगितलेली इंग्रजी कादंबरी १७४० साली आली आणि पुढच्याच वर्षी फील्डिंग या लेखकाने 'शामेला' लिहून तिची टर उडवली. त्याची नायिका अंथरुणात पडून, नायक दारातून आत येत असतानासुद्धा पत्र लिहीतच असते.)

मला सर्वांत आवडलेली जागा नऊ तारखेची होती. त्या एका रात्री धाकटी दोनदा लिहिते. थोरलीला पत्रात लिहिते, "बाबांना आज दिवसभर शांत झोप लागली." मग डायरीत लिहिते, "बाबा दिवसभर झोपले. बरं वाटलं." प्रसंग एकच, पण पत्रातून धाकटी स्वतः गायब आहे, डायरीत मात्र ती आहे. तिने थोरलीला सांगितलेलं खोटं नाही, फक्त निम्मं आहे, आणि उरलेलं निम्मं आपल्याला ठाऊक आहे. धाकटीशी आपली जवळीक होते ती इथे. तिने डायरीत कितीही रडून घेतलं असतं, तरी शेजारी हे पत्र नसतं तर ती झाली नसती. कोणापासून काय झाकलं हे कळल्याशिवाय, आपल्याला काय दाखवलं याची किंमत कळत नाही.

पुढे थोरलीचं बारा तारखेचं पत्र आलं. "बाबा झोपले की तुला बरं वाटतं असं तू लिहिलंस, त्यात तुझं काही चुकत नाही." मी तक्ता पाहिला. या दोघींची पत्रं साधारण चार दिवसांनी पोचतात, म्हणजे नऊचं पत्र तेराला मिळणार. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'तारखेची चूक. १२ ऐवजी १५ करावी.' आणि पुढे गेले. सोळा तारखेनंतरच्या आठ नोंदींवर आणखी एक शेरा मारला, 'इथून डायरीचा आवाज सपाट झालाय. बाबांबद्दल फार गोड बोलते. खरं वाटत नाही.'

दुपारी लेखिका आल्या. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मी त्यांना ताई म्हणते. दोन्ही शेरे वाचून त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"तारीख बदललीस तर कादंबरीच बदलेल गं."

"पण ताई, नऊचं पत्र तिला मिळालेलंच नाही अजून."

"नाहीच मिळालेलं. आणि 'बरं वाटलं' हे पत्रात आहे कुठे?"

मी पानं उलटली. पत्रात नव्हतं, ते फक्त डायरीत होतं. मग अकरा तारखेची नोंद काढली, जिच्यावरून मी घाईने गेले होते. "थोरली काल न कळवता आली. एक रात्र राहून सकाळी गेली. बोलणं फारसं झालं नाही."

थोरलीने त्या रात्री वही वाचली होती. घरी परतून पत्र लिहिताना 'तू लिहिलंस' हे तिच्या हातून निसटलं. ते पत्र सोळाला पोचतं, धाकटीला कळतं, आणि त्या दिवसापासून तिची डायरी गोड होते, कारण आता ती कुणीतरी वाचणार आहे. माझे दोन्ही शेरे बरोबर जागी पडले होते आणि दोन्हींचा अर्थ मी उलटा लावला होता.

"मला कसं लक्षात आलं नाही?" मी म्हटलं.

"कारण तूही तिची वही वाचतच होतीस की. तिचे शब्द तुला आधीपासून ठाऊक होते. ते थोरलीच्या तोंडी आले तर तुला त्यात नवल काय वाटणार?"

मला विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी आठवली. तिथे मॅरियन आजारी पडते, तिची डायरी मध्येच तुटते, आणि खाली मजकूर येतो तो ज्याच्याविरुद्ध ती लिहीत होती त्या काउंट फॉस्कोच्या हातचा. त्याने सगळं वाचलेलं असतं. वाचक दचकतो, कारण आपण एकटेच वाचतोय असं तो धरून चाललेला असतो. पण तिथे फॉस्को स्वतः लिहितो, लपत नाही. ताईंना ते उघडपण नको होतं.

मग मी माझी अडचण सांगितली. मी तक्ता घेऊन बसणारी बाई, तरी मला ती तारखेची चूक वाटली. वाचकाला तेवढंही वाटणार नाही. आणि यात थोडा दोष कादंबरीचाही होता. तक्ता पुन्हा पाहिला तर आधीची काही पत्रं दोन दिवसांत पोचत होती, एक तर सात. मोजपट्टीच ढिली असेल, तर एक पत्र वेळेआधी बोललं हे कुणाला कळणार?

त्यावर आमचा सगळा दुपारचा वेळ गेला. अकरा तारखा दुरुस्त करून आम्ही प्रत्येक पत्राला चार दिवस दिले. अगदी सुरुवातीच्या एका पत्रात धाकटीचं वाक्य घातलं, "तुझं दोन तारखेचं पत्र आज सहाला मिळालं, नेहमीसारखंच." दुसरा बदल शब्दाचा. 'बरं वाटलं' कुणीही म्हणेल, त्यावर शिक्का नसतो. ताईंनी डायरीत लिहिलं, "बाबा दिवसभर झोपले. सुटल्यासारखं वाटलं." आणि थोरलीच्या पत्रात तोच शब्द ठेवला, 'सुटल्यासारखं'. बारा तारीख तशीच राहिली.

धाकटीला कळलंय हे कसं दाखवायचं, यावर मात्र आमचं जुंपलं. मी सुचवलं, सोळाच्या नोंदीत तिने स्पष्ट लिहावं की हिने माझी वही वाचली. ताई ठाम नाही म्हणाल्या. वही वाचली जाते हे कळलेली बाई ते वहीतच कशाला लिहील? ते बरोबरच होतं. मी आणखी दोन उपाय सुचवले, फाडलेलं पान आणि नवी वही. दोन्ही त्यांना नाटकी वाटले.

निघता निघता त्यांनी माझीच पेन्सिल घेतली आणि सोळाच्या नोंदीखाली, बाबांनी पेज आवडीने खाल्ल्याच्या ओळीनंतर, एक वाक्य लिहिलं.

"वही नेहमीसारखी उशीखालीच ठेवते."