मोदकाचं पान, नोंद तिसरी: तारीख नव्हे, तिथी

माझ्या पाककृतींच्या साइटवर वर्षभर निपचित पडलेलं आणि भाद्रपदात अंगात आल्यासारखं वागणारं एक पान आहे, उकडीच्या मोदकांचं. तीन वर्षं मी त्याच्या शोध निकालात दिसणाऱ्या शीर्षकाशी खेळतोय. यंदाचा बेत सांगतो, पण आधी दोन चुका.

2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. मी 2 तारखेला शीर्षक बदललं आणि कितीतरी दिवस शोध निकालात जुनंच दिसत राहिलं. नवं दिसू लागलं तोवर गौरीही गेल्या होत्या. गूगल पान पुन्हा कधी वाचेल हे आपल्या हातात नसतं. सर्च कन्सोल या गूगलच्याच साधनातून पान पुन्हा वाचून नोंदवण्याची विनंती करता येते, पण ती विनंतीच. वाचल्यावरही तो आपलं शीर्षक जसंच्या तसं दाखवेल असं नाही. कधी शेपूट छाटतो, कधी पानावरचा मथळा उचलतो. म्हणजे बदल, वाचन, तपासणी आणि फसलं तर माघार, एवढं सगळं लाट चढायच्या आत उरकायला हवं.

2025 मध्ये बदल वेळेवर केला आणि तुलनेत माती खाल्ली. ऑगस्टअखेर मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी ताडून पाहिलं, तर आकडे कितीतरी वर. मी खूश. मग लक्षात आलं की 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती, आधीच्या चतुर्थीपासून 354 दिवसांनी. मी ऐन सणाची तुलना सणाआधीच्या आठवड्याशी करत होतो. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे 383 दिवसांनी आहे. तारखेने पाहिलं तर ऑगस्टअखेर पान बुडाल्यासारखं दिसेल आणि कुणीतरी घाबरून चालतं शीर्षक बदलेल. (कुणीतरी म्हणजे मीच.)

म्हणून आता शीटमध्ये तारखेशेजारी एक रकाना ठेवलाय:

```
=A2-DATE(2025,8,27)
```

चतुर्थी शून्य, आधीचे दिवस उणे. प्रत्येक वर्षाच्या पंक्तींना त्या वर्षीची तारीख. असे वक्र एकमेकांवर ठेवले की ते छान बसतात. 2024 चे आकडे तेव्हाच उतरवून ठेवले होते म्हणून हाताशी आहेत, कारण सर्च कन्सोल 16 महिन्यांपलीकडचं दाखवत नाही.

त्यात एक गंमत सापडली. शिखर शून्यावर नसून उणे एकवर दिसतं. आधी वाटलं, लोक आदल्या रात्री तयारी करतात. ते खरंच आहे, पण सर्च कन्सोलचा दिवस पॅसिफिक वेळेने मोजला जातो आणि त्या दिवसांत आपल्याकडे दुपारी साडेबाराला तिकडे मध्यरात्र होते. चतुर्थीच्या सकाळी उकड हातात घेऊन शोधणारे सगळे आदल्या तारखेत जमा होतात. नैवेद्य दाखवून झाला की मोदक कोण शोधतो!

वक्रही एक नसून दोन आहेत. ‘मोदकासाठी कोणता तांदूळ’, ‘मोदक साचा’ हे शोध साधारण तीन आठवडे आधी हळूहळू चढतात. ‘मोदकाची पारी का फाटते’ हा शोध शेवटच्या दोन दिवसांत सुईसारखा उभा राहतो. एकाच शीर्षकात दोन्ही कोंबायचा मोह मी सोडला. तांदळाच्या पिठीचं पान वेगळं केलं आणि मुख्य पानावर ‘उकडीचे मोदक’ हे पुढचे शब्द तसेच ठेवून फक्त शेपूट बदलणार आहे: ‘उकडीचे मोदक: पारी फाटू नये म्हणून उकड कशी काढावी’. पानात ते उत्तर अगदी वर हवं, नाहीतर कणकेसारखं पीठ मळत बसलेला माणूस लगेच मागे फिरेल. पत्ता मात्र बदलायचा नाही.

बदल 20 जुलैला, म्हणजे उणे 56 वर. एवढ्या लवकर का, तर मधे दोन संकष्ट्या येतात. संकष्टीला मोदकाच्या शोधात छोटासा उंचवटा येतो, ती माझी रंगीत तालीम. आषाढातल्या संकष्टीला निकालात नवं शीर्षक दिसतंय का ते पाहीन. नसेल तर पानावरचा मथळा आणि शीर्षक जुळवीन. 24 ऑगस्टनंतर, म्हणजे उणे 21 पासून, हात लावायचा नाही, श्रावणातल्या संकष्टीला नुसतं बघायचं.

यश मोजताना एकूण क्लिक घेणार नाही, ते सण आपोआप वाढवतो. पानाचा एकूण सीटीआर, म्हणजे पान जितक्या वेळा दिसलं त्यातल्या क्लिकचा टक्का, तोही फसवा, कारण गर्दीत भलभलत्या शोधांवर पान खालच्या जागी दिसतं आणि टक्का घसरतो. फक्त ‘उकडीचे मोदक’ हा एक शोध, सरासरी पोझिशन जवळपास तीच असलेले दिवस, आणि त्यातला सीटीआर. सोबत पुरणपोळीचं न बदललेलं पान साक्षीला ठेवणार होतो, पण तिची लाट होळीला. त्याऐवजी निवगऱ्यांचं घेतलंय, त्या मोदकांच्याच उरलेल्या उकडीच्या असतात.